वंशावळ, बल्क की बॅकक्रॉस? एका भाताच्या संकरावरून उत्तर

प्रश्न: स्वपरागित पिकांच्या वंशावळ, बल्क आणि बॅकक्रॉस पद्धतींचे फायदे-तोटे पाठ आहेत. पण समोर एखादा संकर ठेवला की यापैकी कोणती पद्धत घ्यायची आणि का, हे सुचत नाही. एखादं उदाहरण घेऊन सांगाल का?

उत्तर:

फायद्या-तोट्यांचा तक्ता पद्धतींची तुलना करतो, पण निर्णय मात्र गुणावर ठरतो. म्हणून पद्धतीचं नाव घेण्याआधी तीन गोष्टी तपासा. हवा असलेला गुण एकेका झाडावर खात्रीने ओळखता येतो का? झाडं दाटीत एकत्र वाढवली तर तो गुण असलेलं झाड शेजाऱ्यांपुढे टिकतं का? आणि एका जनकात बाकी सगळं हवं तसंच आहे, फक्त एखाद्याच गोष्टीची उणीव आहे, अशी स्थिती आहे का? या तिन्हींची उत्तरं प्रामाणिकपणे दिली की पद्धत बहुधा आपोआप ठरते.

उदाहरण म्हणून आयआर-८ चा संकर घेऊ. १९६२ मध्ये फिलिपीन्समधल्या आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत पीटर जेनिंग्ज यांनी पेटा आणि डी-जिओ-वू-जेन या वाणांचा संकर केला. पेटा उंच, जोमदार, पण नत्र दिलं की लोळणारा. डी-जिओ-वू-जेन हा तैवानचा बुटका वाण. बुटकेपणा एकाच अप्रभावी जनुकाचा, आज ज्याला आपण sd1 म्हणतो. त्यामुळे एफ-२ मध्ये तीन उंच झाडांमागे एक बुटकं. तिथे सुमारे १०,००० झाडांची एफ-२ पिढी लावली होती, म्हणजे बुटकी साधारण २,५०० निघायला हवीत. हाच संकर तिन्ही पद्धतींनी चालवला तर काय होईल ते पाहू.

सुरुवात बल्कपासून करतो, कारण विद्यार्थी सर्वांत जास्त तिथेच फसतात. 'कमी खर्च, कमी नोंदी, निसर्ग निवड करतो' एवढं लक्षात राहतं. निसर्ग कशासाठी निवड करतो, हा पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही. बल्कमध्ये पुढच्या पिढीत कोण किती जाणार हे ठरतं ते प्रत्येक झाडाने त्या दाटीत किती बी दिलं यावर. भाताच्या दाट लागवडीत उंच झाड बुटक्यावर सावली धरतं. बुटक्याला फुटवे कमी, दाणे कमी. समजा मिश्र शेतात बुटकं झाड उंच झाडाच्या ६० टक्केच बी देतं. हा आकडा मी हिशेबासाठी धरला आहे, प्रत्यक्षात तो वाणावर, अंतरावर आणि खतावर बदलेल.

एफ-२ मध्ये शुद्ध उंच २५ टक्के, विषमयुग्मी उंच ५० आणि बुटकी २५. बी गोळा करताना बुटक्यांचा वाटा २५ वरून १६.७ वर येतो. पण त्याच वेळी विषमयुग्मी झाडांच्या स्वपरागणातून नवी बुटकी झाडं निघतात. त्यामुळे एफ-३ मध्ये बुटकी ३०.६ टक्के दिसतात. निवड अजिबात झाली नसती तर ती ३७.५ टक्के असायला हवी होती. हाच हिशेब पुढे नेला तर एफ-४ मध्ये २८.८, एफ-५ मध्ये २४ आणि एफ-६ मध्ये १८.४ टक्के. निवडीशिवाय एफ-६ मध्ये हा आकडा ४८.४ असता.

यातली मेख एफ-३ मध्ये आहे. बुटक्यांचं प्रमाण पंचवीसवरून तीसवर गेलेलं पाहून विद्यार्थी म्हणतो, सगळं ठीक चाललंय. खरं तर त्याच वर्षी घसरण सुरू झालेली असते, फक्त विषमयुग्मी झाडांतून येणारी भर ती झाकते. ही भर दर पिढीला निम्मी होते, नुकसान मात्र तेवढ्याच जोराने चालू राहतं. म्हणून बल्कमध्ये एखादा गुण असलेल्या झाडांचं प्रमाण पाहताना ते आधीच्या पिढीशी ताडू नका, त्या पिढीत निवडीशिवाय अपेक्षित असलेल्या प्रमाणाशी ताडा. आपली निवड निसर्गाच्या निवडीशी भांडते आहे का, हे असंच कळतं.

ही निव्वळ कागदावरची भीती नाही. कॅलिफोर्नियात सुनेसन यांनी बार्लीचे चार वाण मिसळून सोळा वर्षं सलग वाढवले. शेवटी अ‍ॅटलास हा एकच वाण सुमारे ८८ टक्के उरला. स्वतंत्र लावल्यावर सर्वांत चांगलं उत्पादन आणि रोगाच्या बाबतीत चांगली नोंद असलेला व्हॉन मात्र एक टक्क्याच्याही खाली गेला. स्पर्धेत जिंकणं आणि शेतात जास्त पिकणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. तोंडी परीक्षेत बल्कचं मर्म विचारलं तर मला हे एवढं वाक्य पुरतं.

मग बल्क कुठे चालते? जिथे निसर्ग आणि आपण एकाच बाजूला असतो. स्वीडनमध्ये स्वालोफ इथे निल्सन-एले यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ही पद्धत वापरली ती हिवाळी गव्हासाठी. कडाक्याच्या थंडीत नाजूक झाडं मरतात आणि काटक उरतात. तिथे हजारो झाडं एकेक करून तपासण्याची गरजच नसते. तसंच दोन्ही जनक उंची आणि कालावधीत सारखे असतील तर स्पर्धेचा धोका कमी असतो. मात्र बल्कमध्ये उंची किंवा पक्वतेचा मोठा फरक असेल तर निदान एफ-२ आणि एफ-३ मध्ये नको असलेली उंच झाडं फुलोऱ्याआधी उपटून काढा. तेवढ्यानेही वर दाखवलेली घसरण थांबते, कारण बुटकी झाडं समयुग्मी अप्रभावी असल्याने त्यांची पुढची पिढी बुटकीच निघते.

बल्कचं काम स्पर्धेविना करायचं असेल तर एकबीज वंशपद्धत आहे, म्हणजे एसएसडी. प्रत्येक झाडाचं एकच बी पुढच्या पिढीत न्यायचं. कोणी किती बी दिलं याला मग अर्थ उरत नाही. आपल्या उदाहरणात एफ-६ पर्यंत बुटकी जवळजवळ ४८ टक्केच राहतील. हरितगृहात वर्षाला दोन-तीन पिढ्याही निघतात. एक व्यावहारिक अडचण आहे. दर पिढीत ८५ टक्केच बी उगवून झाड बी देण्यापर्यंत पोचलं असं धरा. एफ-२ ची १,००० झाडं घेतली असतील तर एफ-६ ला ५२२ च वंश शिल्लक राहतात. म्हणून प्रत्येक झाडाच्या दोन-तीन बिया एका जागी टाकून उगवल्यावर एकच रोप ठेवणं बरं.

आता वंशावळ पद्धत. आयआर-८ प्रत्यक्षात निवडीच्या याच वाटेने आला. उंच आणि उशिरा येणारी झाडं सुरुवातीलाच काढून टाकली, मग निवडक झाडांच्या ओळी लावल्या. आयआर-८ चं पूर्ण नाव आयआर८-२८८-३. आठवा संकर, २८८ वी ओळ, तिसरं झाड. वंशावळ क्रमांक असा वाचायचा असतो. १९६६ मध्ये तो प्रसारित झाला.

इथे वंशावळ का जमली? कारण पहिल्या प्रश्नाचं उत्तर 'हो' होतं. बुटकेपणा एका झाडावर दिसतो, आणि अप्रभावी असल्यामुळे दिसला की तो पक्का झालेला असतो. कालावधीही एका झाडावर बऱ्यापैकी कळतो. उत्पादन मात्र कळत नाही. एफ-२ मधलं एक झाड म्हणजे पुनरावृत्ती नसलेला प्रयोग. शेजारी तूट पडली असेल, बांधाकडची जागा असेल, खताचा एक जास्तीचा मुठा पडला असेल, तर ते झाड डोळ्यात भरतं. मी एफ-२ मध्ये लोंब्या मोजून, वजन करून झाडं निवडणाऱ्यांना नेहमी सांगतो की तो वेळ रोग आणि दाण्याचा आकार पाहण्यात घाला. प्लॉटमधल्या झाडांची उंची, फुलोरा, करपा, लोळणं, दाणा यांवर निवड करा आणि उत्पादनाची निवड ओळींच्या पुनरावृत्त चाचणीपर्यंत राखून ठेवा.

वंशावळीत एक हिशेब पक्का डोक्यात बसवा. एफ-२ च्या झाडांमधला योज्य व्हेरियन्स १ धरा. प्रभाविता आणि जनुकांमधल्या परस्परक्रिया बाजूला ठेवल्या तर पूर्ण समयुग्मी ओळींमध्ये एकूण व्हेरियन्स २ होतो. या २ पैकी १ हा वेगवेगळ्या एफ-२ झाडांच्या कुटुंबांमध्ये असतो. एका एफ-२ कुटुंबातल्या एफ-३ झाडांमध्ये आणखी १/२, एका एफ-३ झाडापासूनच्या एफ-४ मध्ये १/४, आणि असंच निम्मं निम्मं. म्हणजे अर्धा फरक पहिल्याच पायरीवर, एफ-२ च्या कुटुंबांमध्ये वाटलेला आहे.

यावरून दोन गोष्टी निघतात. एफ-३ मध्ये आधी ओळी निवडा, मग निवडलेल्या ओळींतली झाडं. चांगल्या ओळीतलं मध्यम झाड हे वाईट ओळीतल्या उठून दिसणाऱ्या झाडापेक्षा बहुधा सरस ठरतं. दुसरी गोष्ट अशी की एफ-५ च्या चाचणीत तीस ओळी असतील आणि वही उलटी चाळली तर त्या सगळ्या तीनच एफ-२ झाडांपासून आलेल्या दिसतात, असं फार वेळा होतं. कागदावर तीस नोंदी, पण निम्मा व्हेरियन्स तीन नमुन्यांवर आलेला. ओळी एकमेकींसारख्या दिसू लागल्या, चाचणीत त्यांच्यातला फरक एलएसडीच्या आतच राहू लागला, की वही उघडून प्रत्येक ओळीचं एफ-२ मूळ तपासा. एका एफ-२ पासून दोन-तीनपेक्षा जास्त बहिणी पुढे नेऊ नका. उरलेली जागा नव्या कुटुंबांना द्या. एवढ्या एका कारणासाठी तरी वंशावळीच्या नोंदी ठेवणं परवडतं. तसं पाहिलं तर या पद्धतीचा खर्च ओळी लावण्यापेक्षा नोंदीत जास्त आहे, आणि ज्याला नोंदी ठेवायचा कंटाळा आहे त्याने सरळ एसएसडी घ्यावी.

एका वाक्यात गव्हाचंही सांगतो: तांबेऱ्याची साथ एफ-२ किंवा एफ-३ मध्ये हमखास येत असेल तर वंशावळ घ्या, येत नसेल तर कृत्रिम लागण केल्याशिवाय त्या पिढ्यांत रोगासाठी निवड केली असं लिहू नका.

आता बॅकक्रॉस. आयआर-८ च्या संकरात बॅकक्रॉस का केला नाही? बुटकेपणा एका जनुकाचा होता, म्हणून पेटाशी सहा वेळा संकर करून 'बुटका पेटा' करता आला असता. पण पेटा नुसता उंच नव्हता. त्याचा कालावधीही लांब होता, आणि नव्या वाणात तो नको होता. उद्देश होता दोन्ही जनकांच्या पलीकडचं काहीतरी मिळवण्याचा. बॅकक्रॉसमधून मात्र फार तर आवर्ती जनकाएवढंच मिळतं, अधिक त्यात घातलेला गुण. छत ठरलेलं असतं. म्हणून ही पद्धत घ्यायची ती आवर्ती जनक आधीच उत्तम आणि लोकांना हवा असलेला असेल तेव्हाच.

असं उदाहरण म्हणजे पुसा बासमती-१. दाणा, वास आणि शिजण्याचा दर्जा यांत हात लावायचा नव्हता, पण जिवाणूजन्य करपा यायचा. त्यात आयआरबीबी-५५ या दात्याकडून xa13 आणि Xa21 ही दोन जनुकं मार्करच्या मदतीने घातली गेली आणि इम्प्रूव्हड पुसा बासमती-१ हा वाण २००७ मध्ये प्रसारित झाला. नावातलं अक्षर पाहा: लहान x म्हणजे अप्रभावी जनुक, मोठं X म्हणजे प्रभावी. पारंपरिक बॅकक्रॉसमध्ये हाच फरक वेळापत्रक बदलतो.

Xa21 प्रभावी आहे, म्हणून बीसी-१ ची झाडं जिवाणूने टोचली की निम्मी प्रतिकारक दिसतात. ९९ टक्के खात्रीने निदान एक वाहक झाड हवं असेल तर सात झाडं पुरतात. xa13 मात्र बीसी-१ मध्ये दिसतच नाही, निम्म्या झाडांमध्ये असलं तरी. मग प्रत्येक झाड आवर्ती जनकाशी संकरित करायचं आणि त्याच झाडाचं स्वपरागणही करायचं. स्वपरागित पिढीत पाव झाडं प्रतिकारक निघाली तर ते झाड वाहक होतं, मग त्याचाच बॅकक्रॉस पुढे न्यायचा, बाकीचे टाकायचे. एका झाडाच्या स्वपरागणात निदान एक प्रतिकारक झाड ९९ टक्के खात्रीने दिसायचं असेल तर सुमारे १७ रोपं तपासावी लागतात. मार्कर असेल तर ही सगळी कसरत एका पानाच्या डीएनएवर मिटते. अप्रभावी जनुकात मार्कर खरोखर उपयोगी पडतो तो इथे.

दर पिढीला आवर्ती जनकाचा वाटा किती, याचं सूत्र सगळ्यांना पाठ असतं:

```
1 − (1/2)^(n+1)
```

म्हणजे बीसी-१ ला ७५ टक्के, बीसी-३ ला ९३.७५, बीसी-६ ला ९९.२. हे सरासरी आहे, आणि हवं असलेलं जनुक नसलेल्या गुणसूत्रांसाठी खरं आहे. जनुकाच्या गुणसूत्रावर चित्र वेगळं असतं, कारण आपणच दर पिढीला तिथला दात्याचा तुकडा निवडतो. लांब गुणसूत्रावर जनुकाच्या प्रत्येक बाजूला उरलेल्या दात्याच्या तुकड्याची अपेक्षित लांबी ढोबळमानाने १/t मॉर्गन असते, t म्हणजे बॅकक्रॉसची संख्या. सहा बॅकक्रॉसनंतरही एका बाजूला सुमारे १७ सेंटिमॉर्गन. टोमॅटोत यंग आणि टँक्सली यांनी Tm2 प्रतिकारक जनुक असलेले वाण १९८९ मध्ये तपासले तेव्हा एका वाणात अकरा बॅकक्रॉसनंतरही दात्याच्या गुणसूत्राची आख्खी भुजा तशीच सापडली. रोगप्रतिकार आला, पण दाणा बारीक राहिला किंवा कालावधी वाढला, तर आधी शंका याच तुकड्यावर घ्या.

तो तुकडा कापायचा तर मार्कर दोन्ही बाजूंना लावा, पण दोन्ही बाजूंचे खंडन एकाच पिढीत शोधू नका. एका बाजूला ५ सेंटिमॉर्गनच्या आत तुटलेलं झाड ९९ टक्के खात्रीने मिळवायला सुमारे ९० वाहक झाडं लागतात. वाहक निम्मी असतात, म्हणून १८० रोपं. दोन्ही बाजूंना एकाच पिढीत तुटलेलं हवं तर शक्यता ०.०५ गुणिले ०.०५, आणि वाहक झाडं १,८०० च्या वर लागतात. बीसी-१ मध्ये एक बाजू, बीसी-२ मध्ये दुसरी, असं केलं की दोन हंगामांत मिळून वाहक आणि अवाहक धरून ३६० रोपांत काम होतं. दोन्ही बाजू झाल्या की उरलेल्या गुणसूत्रांसाठी पार्श्वभूमीचे मार्कर पाहायचे.

संकर करताना आवर्ती जनकाला मादी करा. वाहक झाड मादी असेल आणि पुंकेसर काढताना एखादा राहिला, तर स्वपरागित बी तयार होतं. त्यातली पाऊण रोपं जनुकाची वाहकच असतात, आणि नुसत्या लक्ष्य-मार्करवर ती खऱ्या बॅकक्रॉसमध्ये मिसळून जातात. आवर्ती जनक मादी असेल तर चुकून झालेल्या स्वपरागणात जनुकच नसतं, त्यामुळे वाहक निवडतानाच ती रोपं गळतात. शिवाय पेशीद्रव्यही आवर्ती जनकाचंच राहतं. दर वेळी आवर्ती जनकाची वेगवेगळी चार-पाच झाडं वापरा, म्हणजे वाणातला थोडाफार फरकही सोबत येतो.

शेवटच्या बॅकक्रॉसनंतर झाड जनुकासाठी विषमयुग्मी असतं. त्याचं स्वपरागण करून समयुग्मी झाडं वेगळी करा, त्यांच्या ओळी आवर्ती जनकाशेजारी दोन प्रकारे तपासा: रोगाचा दाब असलेल्या जागी आणि रोग नसलेल्या जागी. रोग असताना नवी ओळ पुढे जाणारच. खरी कसोटी रोग नसलेल्या जागी असते. तिथे ती आवर्ती जनकाच्या बरोबरीने पिकली, दाणा तसाच राहिला, तर काम झालं. मागे पडली आणि ते सगळ्या ओळींत दिसलं, तर जनुकाजवळचा तुकडा किंवा खुद्द जनुकाचा परिणाम धरा. काही ओळींतच दिसलं, तर इतर गुणसूत्रांवर राहिलेले दात्याचे तुकडे धरा आणि त्या ओळी वगळा.